‘होऊन जाईल’चे इंग्रजी : व्यावसायिक टिपणाचा अनुवाद आणि हेतूचे जतन

१. प्रस्तावना

साहित्यकृतीच्या अनुवादाची समीक्षा कशी करावी याचा विचार आपण आधीच्या पाठांत केला. या पाठात आपण एका साध्या, रूक्ष वाटणाऱ्या मजकुराकडे वळणार आहोत. कारखान्यातील एका अधिकाऱ्याने मराठीत लिहिलेले टिपण परदेशातील मुख्य कार्यालयासाठी इंग्रजीत न्यायचे आहे. अशा अनुवादाला समीक्षेची काय गरज, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्यात रूपक नाही, लय नाही, शैलीचा प्रश्नही नाही. शब्द बरोबर आले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज तपासून पाहणे हे या पाठाचे उद्दिष्ट आहे. एकाच टिपणाचे दोन इंग्रजी अनुवाद आपण शेजारी ठेवू. पहिल्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कोशाच्या आधाराने समर्थनीय आहे, पण मजकूर कळत नाही. दुसरा चटकन कळतो, पण मूळ लेखकाने जे म्हटलेच नाही ते तो त्याच्या तोंडी घालतो. या दोहोंत दुसरा अधिक धोकादायक आहे, असे माझे मत आहे. ते का, हे आपण वाक्यावाक्याने पाहू. शेवटी तिसरा मसुदा तयार करून त्याच्या मर्यादाही तपासू.

एक सूचना. पाठातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचल्यास अर्थ लगेच ध्यानात येईल.

२. मूळ टिपण

पुढील टिपण या पाठासाठी तयार केले आहे, पण मराठीत काम चालणाऱ्या कोणत्याही कारखान्यात ते सापडावे असेच आहे. कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे आणि मुख्य कार्यालय अमेरिकेत आहे, असे धरू. लिहिणारे उत्पादन व्यवस्थापक आहेत. टिपणावर ११/९/२०२४ ही तारीख आहे.

विषय : गिअर हाउसिंगच्या मालाबाबत.

परवाच्या फोनवरील बोलण्यानुसार कळविण्यात येते की, १२०० नगांपैकी ७५० नग तयार आहेत. बाकीचा माल साधारण आठ दिवसांत होऊन जाईल. दुसऱ्या पाळीत मशीन बंद राहिल्यामुळे काम मागे पडले. पुरवठादाराकडून कास्टिंग उशिरा आले, त्यातच गणपतीमुळे माणसे कमी होती. आपल्याकडून सुधारित ड्रॉइंग मिळाल्याशिवाय उरलेल्या नगांचे बोअरिंग सुरू करता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे. शक्यतो माल एकदमच पाठवावा असे आमचे मत आहे. तरी आपण योग्य तो निर्णय घेऊन कळवावे, ही विनंती.

मराठी वाचकाला यात काहीही अडत नाही. मात्र टिपण कशासाठी लिहिले आहे, हे नेमके कुठे सांगितले आहे ते शोधा. लेखकाला दोन गोष्टी हव्या आहेत : सुधारित ड्रॉइंग, आणि माल कसा पाठवायचा याचा निर्णय. पहिली मागणी ‘हेही लक्षात घ्यावे’ या शब्दांत, जाता जाता सांगितल्यासारखी आली आहे. दुसरी शेवटच्या वाक्यात, ‘तरी’ या शब्दानंतर आली आहे. मराठी पत्रव्यवहारातील हा ‘तरी’ विरोध दाखवत नाही. त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा असतो. सरावलेला वाचक हा शब्द दिसला की सावध होतो, कारण खरे काम त्याच्या पुढे असते. आधी संदर्भ, मग स्थिती, मग कारणे आणि सर्वांत शेवटी विनंती, ही आपल्या कार्यालयीन लेखनाची रुळलेली बांधणी आहे. आल्या आल्या मागणी करणे तिच्यात उर्मट वाटते.

३. पहिला अनुवाद : शब्द बरोबर, अर्थ चुकीचा

पहिल्या अनुवादकाने मूळ क्रम आणि शब्द शक्य तितके तसेच ठेवले. त्यातील तीन ठिकाणे पाहा.

‘बाकीचा माल’ याचे त्याने ‘द रिमेनिंग मटेरियल’ केले. भारतीय इंग्रजीत हे सर्रास चालते आणि पुण्यातल्या वाचकाला खटकणारही नाही. पण अमेरिकन उत्पादन विभागात ‘मटेरियल’ म्हटले की बहुधा कच्चा माल डोळ्यांपुढे येतो. मूळ टिपणात कच्च्या मालाचा, म्हणजे कास्टिंगचा, वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे वाचक असे समजू शकतो की उरलेले कास्टिंगच आठ दिवसांनी येणार आहे. इथे ‘पार्ट्स’ हा साधा शब्द हवा. मराठीत ‘माल’ एकच असला तरी इंग्रजीत तो कुठल्या अवस्थेतला आहे हे सांगावे लागते.

दुसरे ठिकाण शेवटच्या वाक्याचे. ‘तरी’साठी त्याने ‘स्टिल’ वापरला आणि ‘योग्य तो निर्णय घेऊन कळवावे’साठी ‘डू द नीडफुल’. ‘स्टिल’मुळे वाक्य मागच्या मताच्या विरोधात उभे राहते. ‘डू द नीडफुल’ हा प्रयोग तर अमेरिकन वाचकाला जुनाट वाटतो, शिवाय काय करायचे तेही त्यातून कळत नाही. मूळ वाक्यात निर्णय कशाबद्दल ते स्पष्ट लिहिलेले नाही हे खरे. पण आधीचे वाक्य माल एकदम पाठवण्याबद्दल आहे, म्हणून मराठी वाचक तो सांधा आपोआप जुळवतो. अनुवादकाने तो सांधाच तोडला.

तिसरे ठिकाण सर्वांत उद्बोधक आहे. ‘माल एकदमच पाठवावा’ याचे त्याने ‘द मटेरियल शुड बी सेंट अ‍ॅट वन्स’ असे केले. कोश उघडून पाहिलात तर ‘एकदम’पुढे ‘अ‍ॅट वन्स’ मिळेल आणि ते चूक नाही. मराठी ‘एकदम’ला दोन अर्थ आहेत : सगळे मिळून आणि तत्काळ. ‘अ‍ॅट वन्स’लाही हेच दोन अर्थ आहेत. पण ‘पाठवणे’ या क्रियापदाबरोबर इंग्रजी वाचक ‘तत्काळ’ हाच अर्थ घेतो. लेखक सुचवतो की तयार ७५० नग थांबवून सगळे १२०० एका खेपेत पाठवू. मुख्य कार्यालय वाचते की जे आहे ते ताबडतोब पाठवायला हवे. अर्थ पुरता उलटला.

ही चूक उलट अनुवादाने सापडत नाही, हे ध्यानात घ्या. अनुवाद तपासण्यासाठी इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत आणून मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. इथे ‘अ‍ॅट वन्स’ मराठीत परतला की पुन्हा ‘एकदम’च होतो आणि तपासणारा समाधानाने मान डोलावतो. दोन्ही भाषांतील संदिग्धता सारखीच असेल, तर उलट अनुवाद ती झाकून टाकतो.

४. दुसरा अनुवाद : स्वच्छ इंग्रजी आणि हरवलेला हेतू

दुसरी अनुवादक इंग्रजी चांगले जाणते. वाक्ये छोटी ठेवावीत, कर्तरी प्रयोग करावा, तारखा नेमक्या द्याव्यात, पाल्हाळ टाळावे, हे सुबोध इंग्रजीचे नियम तिने पाळले आहेत. तिचा मजकूर असा :

वी हॅव ७५० पार्ट्स रेडी आउट ऑफ १२००. वी विल कम्प्लीट द रिमेनिंग ४५० बाय १९ सप्टेंबर. द सेकंड शिफ्ट डिड नॉट रन द मशीन, द सप्लायर वॉज लेट, अँड मेनी वर्कर्स वेअर ऑन लीव्ह फॉर अ फेस्टिव्हल. प्लीज नोट दॅट द रिव्हाइज्ड ड्रॉइंग इज अवेटेड. वी विल शिप एव्हरीथिंग टुगेदर. प्लीज कन्फर्म.

वाचायला हे उत्तम आहे. पहिल्या अनुवादातील एकही दोष यात नाही. तरीही या सहा वाक्यांत लेखकाचा हेतू चार ठिकाणी बदलला आहे. ती ठिकाणे आपण सावकाश पाहू, कारण मराठीतील हेतू कुठे वास करतो हे त्यातूनच कळते.

४.१ ‘होऊन जाईल’ आणि ‘वी विल कम्प्लीट’

मराठीत संयुक्त क्रियापदातील दुसरे क्रियापद, ज्याला आपण सहायक क्रियापद म्हणतो, बोलणाऱ्याची भूमिका सांगते. ‘करून देऊ’ म्हटले की करणारे आम्ही असतो आणि ते काम समोरच्यासाठी असते. हा शब्द देणे झाले. ‘करून टाकू’मध्ये एकदाचे उरकण्याचा भाव असतो. ‘होऊन जाईल’मध्ये मात्र करणारा कोणी नाही. काम जणू आपले आपण पूर्ण होणार आहे. ‘जाणे’मुळे ते पूर्णत्वाला पोचेल असा दिलासा मिळतो, पण जबाबदारी कोणी घेतलेली नाही. त्यात ‘साधारण’ आहे. शिवाय ‘आठ दिवस’ आहेत, आणि मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे सुमारे एक आठवडा, जसे ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. ते कोणी मोजून घेत नाही.

अनुवादिकेने ११ मध्ये ८ मिळवले आणि १९ सप्टेंबर ही तारीख काढली. ‘होऊन जाईल’चे ‘वी विल कम्प्लीट’ केले. दिलासा होता, त्याचे वचन झाले. अंदाज होता, त्याची मुदत झाली. अमेरिकेतील नियोजन विभाग ही तारीख आपल्या वेळापत्रकात भरेल, तिच्यावर विसंबून पुढची जुळणी ठरवेल. २० तारखेला माल निघालेला नसेल तेव्हा उत्पादन व्यवस्थापकांना त्यांच्याच नावाच्या टिपणातील ‘वी विल’ दाखवले जाईल. ते वाक्य त्यांनी लिहिलेले नाही, हे सिद्ध करायला मराठी वाचणारा कोणी तिथे नसेल.

४.२ अट सुटी पडते

‘ड्रॉइंग मिळाल्याशिवाय सुरू करता येणार नाही’ हे वाक्य अटीचे आहे. ‘-शिवाय’ हे शब्दयोगी अव्यय एका घटनेला दुसरीशी बांधते. ‘द रिव्हाइज्ड ड्रॉइंग इज अवेटेड’ या वाक्यात ती गाठच नाही. ड्रॉइंगची वाट पाहत आहोत, एवढीच माहिती उरते. काम थांबले आहे की चालू आहे, ड्रॉइंग कोणी पाठवायचे आहे, यातले काही कळत नाही. शिवाय त्याआधीच १९ तारखेचे वचन देऊन झाले आहे. त्यामुळे वाचक निश्चिंत राहतो आणि ड्रॉइंग पाठवण्याची घाई करत नाही. म्हणजे वचन पाळता येऊ नये याची तजवीज अनुवादानेच केली.

खुद्द मराठी टिपणातही एक पोकळी आहे. आठ दिवस आजपासून मोजायचे की ड्रॉइंग हाती आल्यापासून? दोन वाक्ये एकमेकांपासून दूर असल्यामुळे हे स्पष्ट होत नाही. रोज एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांमध्ये अशी पोकळी खपून जाते. अनुवादकाने मात्र ती आपल्या तर्काने बुजवायची नसते. ती लेखकाला विचारूनच बुजवावी लागते.

४.३ ‘बंद राहिल्यामुळे’

मशीन बंद पडले, बंद ठेवले आणि बंद राहिले, या तीन प्रयोगांत मराठी माणूस सहज फरक करतो. ‘बंद पडले’ म्हणजे बिघाड. ‘बंद ठेवले’ म्हणजे कोणीतरी तसे ठरवले. ‘बंद राहिले’ म्हणजे ते चालले नाही, कारण सांगितलेले नाही. लेखकाने तिसरा प्रयोग निवडला आहे. त्यामागे कदाचित घाई असेल, कदाचित आपल्या माणसांना सांभाळून घेण्याची इच्छाही असेल. त्याचे कारण अनुवादकाला ठाऊक नाही.

‘द सेकंड शिफ्ट डिड नॉट रन द मशीन’ या वाक्याने दुसऱ्या पाळीतल्या कामगारांना कर्ता केले आणि दोषीही केले. कर्तरी प्रयोग करा हा सुबोध इंग्रजीचा सल्ला एरवी चांगला आहे. पण जिथे मुळातच कर्ता नाही, तिथे तो पाळायचा तर कर्ता शोधून आणावा लागतो, आणि तो अनुवादक स्वतःच्या मनाने शोधतो. याउलट ‘द मशीन वॉज डाऊन’ म्हटले असते तर बिघाड सूचित झाला असता आणि मुख्य कार्यालयाने देखभालीच्या नोंदी मागवल्या असत्या. ‘द मशीन डिड नॉट रन इन द सेकंड शिफ्ट’ हे वाक्य तितकेच छोटे, तितकेच सुबोध आहे आणि मूळ लेखक जितके सांगतो तितकेच सांगते. शब्द जवळजवळ तेच आहेत. फक्त पाळी कर्त्याच्या जागेवरून स्थळकाळाच्या जागी गेली, आणि आरोप नाहीसा झाला.

४.४ मत की निर्णय

‘शक्यतो माल एकदमच पाठवावा असे आमचे मत आहे’ यात तीन थरांचा संयम आहे. ‘शक्यतो’ने सूट दिली, ‘पाठवावा’ या विध्यर्थाने सुचवले, आणि ‘आमचे मत आहे’ने निर्णय दुसऱ्याचा आहे हे मान्य केले. ‘वी विल शिप एव्हरीथिंग टुगेदर’ने हे तिन्ही थर पुसून टाकले. आता चाकणच्या व्यवस्थापकांनी मुख्य कार्यालयाला न विचारता ठरवल्यासारखे दिसते. शेवटचे ‘प्लीज कन्फर्म’ त्यात भर घालते : आधी ठरवून मग होकार मागितल्यासारखे ते वाटते.

इथे सर्वनामांकडेही लक्ष द्यायला हवे. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे समोरचा वगळून आम्ही. ‘आपण’ म्हणजे समोरच्यासह सगळे, किंवा आदरार्थी ‘तुम्ही’. टिपणात ‘आमचे मत’ आणि ‘आपण निर्णय घ्यावा’ अशी रेघ स्पष्ट ओढली आहे. मत चाकणचे, निर्णय अमेरिकेचा. इंग्रजीत एकच ‘वी’ असल्याने ही रेघ सहज पुसली जाते. म्हणून अशा अनुवादात ‘वी’ आणि ‘यू’ यांची वाटणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न ढळता ठेवावी लागते.

५. सिद्धान्ताच्या प्रकाशात

ही दोन उदाहरणे आपल्या अभ्यासक्रमातील सिद्धान्तांशी जोडून पाहू. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून भाषिक कृतीची कल्पना पुढे आली. वाक्य केवळ काही सांगत नाही, ते काही करते : वचन देते, विनंती करते, इशारा देते. आपल्या टिपणातील सात वाक्यांचा आशय दुसऱ्या अनुवादात बहुतांशी शाबूत आहे. बदलली आहे ती कृती. अंदाजाचे वचन झाले, अटीची माहिती झाली, मताचा निर्णय झाला. व्यावसायिक टिपणात ‘हेतू’ म्हणतात तो हाच. तो नामांत क्वचित असतो. तो क्रियापदांच्या रूपांत, ‘-शिवाय’सारख्या शब्दयोगी अव्ययांत आणि ‘साधारण’, ‘शक्यतो’, ‘तरी’ अशा किरकोळ दिसणाऱ्या शब्दांत असतो.

काथारिना राइस आणि हान्स फर्मेअर यांनी १९८४ साली मांडलेला प्रयोजनाचा सिद्धान्त सांगतो की अनुवादाची दिशा लक्ष्यभाषेतील त्याच्या उद्दिष्टाने ठरते. त्याच्या आधाराने पहिला अनुवाद सहज बाद होतो, कारण तो अमेरिकेतील वाचकाच्या उपयोगाचा नाही. पण दुसऱ्याचे काय? वाचकाला झटपट कळावे हे एकच प्रयोजन धरले, तर तो यशस्वीच म्हणावा लागेल. इथे क्रिस्टिआने नोर्ड यांनी या सिद्धान्ताला दिलेली जोड उपयोगी पडते. अनुवादकाची निष्ठा केवळ संहितेशी किंवा वाचकाशी नसते, मूळ लेखकाशीही असते, आणि लेखकाच्या हेतूला बाधा येईल असे प्रयोजन त्याने स्वीकारू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या उदाहरणात या निष्ठेला ठोस अर्थ आहे. अनुवाद कोणाच्या नावाने जातो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारले की उत्तर मिळते.

दुसरा अनुवाद अधिक धोकादायक का, तेही आता स्पष्ट होईल. पहिला वाचून मुख्य कार्यालय गोंधळते, आणि गोंधळलेला वाचक बहुधा प्रश्न विचारतो. ‘अ‍ॅट वन्स’ हे त्यातले एकच ठिकाण असे आहे जिथे वाचक न गोंधळता चुकेल. दुसऱ्या अनुवादात मात्र सगळीच ठिकाणे तशी आहेत. त्याची सफाईच प्रश्नांना वाव देत नाही.

६. तिसरा मसुदा

तिसरा मसुदा लिहिण्याआधी लेखकाला चार प्रश्न विचारायला हवेत. आठ दिवस कधीपासून मोजायचे? निर्णय नेमका कशाबद्दल हवा आहे? मशीन का बंद राहिले, ते सांगायचे आहे का? विनंती वर घेतली तर चालेल का? समजा, उत्तरे अशी मिळाली : आठ दिवस ड्रॉइंग आल्यापासून धरा. ७५० नग आता पाठवायचे की थांबवायचे, हे त्यांनी ठरवावे. मशीनचे जसे लिहिले आहे तसेच राहू द्या. क्रम बदलला तरी हरकत नाही. मग मसुदा असा होईल :

सब्जेक्ट : गिअर हाउसिंग ऑर्डर, ड्रॉइंग अँड शिपिंग डिसिजन नीडेड हा विषय, आणि मजकूर पुढीलप्रमाणे.

वी नीड टू थिंग्ज फ्रॉम यू. फर्स्ट, प्लीज सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग. वी कॅनॉट स्टार्ट बोअरिंग द रिमेनिंग ४५० पार्ट्स विदाउट इट. सेकंड, प्लीज टेल अस व्हेदर टू शिप द ७५० फिनिश्ड पार्ट्स नाऊ, ऑर होल्ड देम अँड शिप ऑल १२०० टुगेदर. वी वुड प्रिफर अ सिंगल शिपमेंट इफ पॉसिबल, बट द डिसिजन इज युअर्स.

अ‍ॅज डिस्कस्ड बाय फोन ऑन ९ सप्टेंबर, ७५० ऑफ द १२०० पार्ट्स आर रेडी. वी एक्स्पेक्ट द रेस्ट टू बी फिनिश्ड अबाउट अ वीक आफ्टर वी रिसीव्ह द ड्रॉइंग.

वर्क फेल बिहाइंड बिकॉज द मशीन डिड नॉट रन इन द सेकंड शिफ्ट. द कास्टिंग्ज अराइव्ह्ड लेट फ्रॉम द सप्लायर, अँड वी ऑल्सो हॅड फ्यूअर वर्कर्स ड्युरिंग द गणेश फेस्टिव्हल, व्हिच बिगॅन ऑन ७ सप्टेंबर.

या मसुद्यातील निवडी पाहा. विनंती वर आली, कारण अमेरिकन वाचक मुद्दा पहिल्या ओळींत शोधतो. मराठीत ‘तरी’ जे काम करतो ते इंग्रजीत जागेने करावे लागते. ‘कळविण्यात येते की’ आणि ‘ही विनंती’ गळले. त्यांचा आदर ‘प्लीज’मध्ये आणि ‘द डिसिजन इज युअर्स’मध्ये उतरला आहे. ‘वी एक्स्पेक्ट’ आणि ‘अबाउट अ वीक’ मिळून ‘साधारण आठ दिवसांत होऊन जाईल’ एवढाच भरवसा देतात.

‘परवा’ची तारीख घातली, कारण मराठीत तो शब्द गेलेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांना चालतो. इथे बोलणे झालेले असल्याने तो ९ सप्टेंबर ठरतो. महिना अक्षरांत लिहिला, कारण ११/९ हे आकडे अमेरिकेत ९ नोव्हेंबर असे वाचले जातात. गणेशोत्सवाला तारीख जोडली, कारण ‘गणपतीमुळे’ या एका शब्दात मराठी वाचकाला दिवस आणि सुट्ट्या दोन्ही दिसतात, परदेशातील वाचकाला काहीच दिसत नाही. कारणांचा क्रम मात्र बदलला नाही. लेखकाने आधी स्वतःकडचे कारण सांगितले आणि मग पुरवठादाराचे. हा क्रम उलटला असता तर पुरवठादारावर ढकलल्याचा सूर आला असता.

७. मर्यादा आणि कसोटी

या मसुद्यालाही मर्यादा आहेत. मूळ टिपणात ड्रॉइंगची मागणी हळुवार होती, इथे ती पहिल्या क्रमांकाची झाली. उशिराला मुख्य कार्यालयही थोडे कारणीभूत आहे, हे लेखकाने ‘हेही’ या शब्दाआड ठेवले होते. क्रम बदलल्याने ते उघडे पडले. लेखकाने क्रमबदलाला संमती दिली म्हणून हे समर्थनीय ठरते. संमती नसती, तर विनंती शेवटी ठेवून फक्त विषयाच्या ओळीत तिची सूचना देणे योग्य झाले असते. तसेच मशीनबद्दलचे मौन अनुवादकाने सांभाळले, पण मुख्य कार्यालयाने कारण विचारले तर उत्तर देणे हे लेखकाचे काम आहे. मौन जसेच्या तसे पोचवणे म्हणजे लपवणे नव्हे. मुळात जिथे प्रश्न पडू शकतो, तिथे अनुवादातही तो पडू शकला पाहिजे.

उलट अनुवाद पुरेसा नाही हे आपण पाहिले. मग तपासणी कशी करावी? ज्याने मराठी टिपण पाहिलेले नाही अशा व्यक्तीला इंग्रजी मजकूर द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत : तुम्हाला काय करायचे आहे? तुम्हाला कशाचे वचन मिळाले आहे? कोणाची चूक झाली असे तुम्हाला वाटते? हेच प्रश्न मूळ लेखकालाही विचारावेत आणि उत्तरे ताडून पाहावीत. दुसऱ्या अनुवादाचा वाचक सांगेल : फक्त होकार कळवायचा आहे, १९ सप्टेंबरचे वचन आहे, चूक दुसऱ्या पाळीची. लेखकाचे एकही उत्तर यातल्या कशाशी जुळणार नाही. तिसऱ्या मसुद्याचा वाचक म्हणेल : ड्रॉइंग पाठवायचे आणि निर्णय द्यायचा, वचन नाही पण अंदाज आहे, चूक कोणाची ते लिहिलेले नाही. ही उत्तरे लेखकाच्या उत्तरांशी जुळतात.

८. सारांश

व्यावसायिक टिपणाच्या अनुवादाची समीक्षा करताना सुबोधता आणि अचूकता या दोन कसोट्या पुरत नाहीत. वाक्य मुळात जी कृती करत होते, तीच अनुवादात करते का, ही तिसरी कसोटी लावावी लागते. मराठीत ती कृती सहायक क्रियापदे, विध्यर्थ, कर्ता नसलेली रचना आणि ‘आम्ही–आपण’ यांच्या भेदात साठलेली असते. म्हणून अनुवादाला बसताना नामांच्या आधी क्रियापदांखाली रेघ ओढा. जिथे मूळ मजकूर गप्प आहे, तिथे लेखकाला विचारा. आणि त्याने गप्पच राहायचे ठरवले, तर तुमच्या इंग्रजीनेही तिथे गप्प राहावे.

९. स्वाध्याय

१. ‘काम होईल’, ‘काम होऊन जाईल’, ‘काम करून देऊ’ आणि ‘काम करून टाकू’ या चार वाक्यांचे इंग्रजी अनुवाद करा. प्रत्येकात लेखक किती बांधला जातो ते लिहा.

२. ‘आपण हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ’ आणि ‘आपण हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा’ या वाक्यांत ‘आपण’ कोण, ते ठरवा. कशावरून ठरवले तेही सांगा.

३. तुमच्या मातृभाषेत ‘बंद पडले’, ‘बंद ठेवले’ आणि ‘बंद राहिले’ हा भेद कसा व्यक्त होतो, ते उदाहरणांसह लिहा.